‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ म्हणजे नेमकं काय झालं?

मी खानदेशातल्या एका बी.एड. कॉलेजात गणित अध्यापन पद्धती शिकवते. बी.एड. २०१५-१६ पासून दोन वर्षांचं झालं तेव्हापासून इंटर्नशिप पण लांबली, पहिल्या वर्षी चार आठवडे आणि दुसऱ्या वर्षी सोळा. सोळा आठवडे म्हणजे चार महिने पोरं शाळेत असतात आणि रोज काय पाहिलं, काय केलं, काय वाटलं ते लॉगबुकात लिहितात, निदान लिहिणं अपेक्षित असतं. शेवटी ते लॉगबुक आमच्या टेबलावर येतं. आमच्याकडे त्याला २५ गुण आहेत: निरीक्षणाला १०, चिंतनाला १०, आणि वर्गात शिकलेल्या सिद्धांताशी जोड घालण्याला ५. हे तीन कप्पे कागदावर फार सुंदर दिसतात.

मी लॉगबुकं तपासायला घेतली त्या पहिल्या वर्षी माझ्याकडे २२ आली होती आणि हातात दोन दिवस. मी काय केलं असेल? चाळली. अक्षर बघितलं, पानं भरली आहेत का बघितलं, मार्गदर्शक शिक्षकांची आठवड्याची सही आहे का, मुख्याध्यापकांचा शिक्का आहे का ते बघितलं आणि मार्क टाकले. सगळे १९ ते २१ च्या मध्ये. एकच मुलगा १८ वर होता कारण त्याच्या दोन आठवड्यांच्या सह्या राहिल्या होत्या. झालं, यादी करून दिली.

आमच्या सीनियर मॅडमनी यादी बघितली, काही बोलल्या नाहीत, नुसती दोन लॉगबुकं उचलली, दोन्हीला मी वीस दिलेले. म्हणाल्या, ‘अगं, ह्या दोघींना वीस का दिलेस ते मला एका वाक्यात सांग. पण दोघींसाठी वेगळं वाक्य हवं.’ मला एकही वाक्य सांगता आलं नाही. दोन्ही वहीत नेमकं काय लिहिलंय हेच मला आठवत नव्हतं! मॅडम म्हणाल्या, घरी घेऊन जा, शनिवार-रविवार आहे.

तर तो शनिवार-रविवार मी सगळी लॉगबुकं पहिल्यापासून वाचली, आणि यावेळी हातात लाल पेन नव्हता, साधी पेन्सिल होती. पेन्सिलीने एकच करायचं ठरवलं: जे वाक्य त्या दिवशी त्या वर्गात बसल्याशिवाय लिहिताच आलं नसतं, त्याच्याखाली रेघ. बाकी कोरं. हा नियम काही कुठल्या पुस्तकातला नाही, मॅडमच्या प्रश्नावरून सुचला.

पहिल्या तीन वह्यांमध्ये मिळून चार रेघा पडल्या. चार! आणि वह्या ऐंशी-नव्वद पानांच्या. मग भरलं काय होतं म्हणाल तर हे: ‘आज इयत्ता ७ वी ला अध्यापन केले. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. विद्यार्थी लक्ष देऊन ऐकत होते. पाठ यशस्वी झाला.’ दुसऱ्या दिवशी पण उत्स्फूर्त, तिसऱ्या दिवशी पण. हे वाक्य घरी सोफ्यावर बसून लिहिता येतं, शाळेत पाऊल न टाकता. ‘उत्साही’, ‘छान’, ‘आनंददायी’, ‘शिस्तबद्ध’ हे सगळे शेरे आहेत, म्हणजे निकाल. निकाल लिहिलाय आणि पुरावा गायब आहे. पोरं उत्साही होती म्हणजे काय करत होती? ओरडत होती, हात वर करत होती, की एकमेकांच्या वहीत डोकावत होती? हात किती वर होते आणि ते कालचेच होते का?

पण सगळा दोष पोरांचा नाही हो. आमचं छापील लॉगबुकच बघा ना, रकाने असे: दिनांक, तास, इयत्ता, घटक, केलेले कार्य, शेरा. ‘केलेले कार्य’ला तीन ओळी आणि ‘शेरा’ला बोटभर जागा. निरीक्षण लिहायला जागाच नाही, मग पोरगं बोटभर जागेत मावेल तेच लिहिणार की. ज्यांच्या वह्यांत रेघा जास्त पडल्या त्यांनी एकतर डाव्या कोऱ्या पानावर लिहिलं होतं किंवा मागे जादाची पानं चिकटवली होती. ते बघून पुढच्या वर्षी आम्ही रकाने काढून टाकले, डावं पान ‘पाहिलं, ऐकलं’ आणि उजवं पान ‘त्यावरून वाटलं’. एवढ्यानं सुद्धा फरक पडला, पण ते पुढचं.

आता एक वही नीट सांगते कारण सगळं गणित तिच्यातच कळलं मला. एका मुलीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला दशांश अपूर्णांक शिकवत होती. नोंद अशी: ‘फळ्यावर ०.४५ आणि ०.५ लिहिले, मोठी संख्या कोणती विचारले, हात वर करायला सांगितले. ३१ पैकी २३ जणांनी ०.४५ मोठी म्हटले. एकाला कारण विचारले. तो म्हणाला, मॅडम पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे ना. मी सांगितले, पाचपुढे शून्य लाव, ०.५० झाले, आता बघ. सगळे हो म्हणाले.’

मी जवळजवळ सगळ्या परिच्छेदाखाली रेघ मारली. बघा, दोन संख्या नेमक्या दिल्यात, हात मोजलेत, मुलाचं वाक्य जसंच्या तसं आहे आणि स्वतः काय केलं तेही आहे. ही चूक गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, दशांशचिन्हानंतरचे अंक पोरं पूर्ण संख्येसारखे वाचतात, म्हणून जिथे अंक जास्त ती मोठी. पण तिनं ते पुस्तकातून उतरवलं नव्हतं, त्या मुलाच्या तोंडून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशीची नोंद: ‘०.३ आणि ०.१२५ दिले. शून्य लावून बहुतेकांनी बरोबर सांगितले. मग मी मुद्दाम ०.७ आणि ०.७० यांत मोठी कोणती विचारले तर नऊ जण ०.७० म्हणाले. शून्य लावल्याने संख्या वाढते असे त्यांना वाटते. सात चे सत्तर होतात तसे.’ आणि खाली, उजवीकडे: ‘काल मला वाटले समजले. त्यांनी माझी युक्ती पाठ केली होती. आणि मी स्वतः फळ्यासमोर शून्य पॉइंट पंचेचाळीस असेच वाचत होते, शून्य दशांशचिन्ह चार पाच असे नाही. पंचेचाळीस हा शब्द मीच त्यांच्या कानात घातला.’

हे शेवटचं वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. कारण खरं सांगू का, मी पण वर्गात ‘पॉइंट पंचेचाळीस’च म्हणते. बाजारात आपण सगळे तसंच म्हणतो.

इथे चिंतन म्हणजे काय ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. शिकवताना आम्ही पोरांना हॅटन आणि स्मिथ या दोघांचा १९९५ चा लेख सांगतो, त्यात चिंतनलेखनाचे चार स्तर आहेत: नुसतं वर्णन, मग वर्णनासोबत कारण, मग स्वतःशीच उलटसुलट वाद घालणं, आणि मग त्यापलीकडे सामाजिक संदर्भापर्यंत जाऊन विचार करणं. चार स्तर नोट्समध्ये ठीक आहेत पण २२ वह्या समोर असताना तिसरा कुठे संपला आणि चौथा कुठे सुरू झाला हे ठरवत बसलात तर मार्च उजाडेल. मी माझ्यापुरते दोनच प्रश्न धरले. एक, कालचं स्वतःचं म्हणणं आज तिनं खोडलंय का? आणि दोन, आजच्या विचाराचा उद्याच्या पाठावर काही परिणाम झालाय का? दुसऱ्यासाठी लॉगबुक एकटं वाचून चालत नाही, शेजारी पाठ टाचणाची, म्हणजे रोजच्या पाठाच्या आखणीची फाइल उघडून ठेवावी लागते आणि तारखा जुळवाव्या लागतात. वेळखाऊ काम आहे, एका वहीला सहज पाऊण तास जातो, पण इथेच खरं-खोटं कळतं.

कारण चिंतनाचा पण एक साचा पोरांनी तयार केलेला असतो. ‘वेळ कमी पडला. पुढील वेळी वेळेचे नियोजन करेन.’ एका वहीत हे वाक्य मी अकरा वेळा मोजलं. अकरा वेळा वेळ कमी पडला आणि अकराही वेळा पुढच्या टाचणात वेळेचा रकाना होता तसाच, एका मिनिटाचा फरक नाही. याउलट दशांशवाल्या मुलीच्या तिसऱ्या दिवसाच्या टाचणात शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात आदल्या दिवशी नसलेली गोष्ट होती: आलेख कागदाचे १० बाय १० चे चौकोन, ३१ प्रती.

आणि एक प्रकार आहे, त्याला मी रडका साचा म्हणते. ‘माझ्यामुळे मुलांचे नुकसान झाले, रात्रभर झोप लागली नाही.’ पोरांना कुठूनतरी कळलेलं असतं की चूक कबूल केली की मार्क मिळतात, मग ती कबूल करत सुटतात. पण कोणती चूक, कुणाचं नुकसान, काय नुकसान हे मात्र नाही. पश्चात्तापाला मार्क नाहीत, असं मी वहीच्या मागे लिहिलं होतं एकदा, नंतर खोडलं, जरा जास्तच झालं असतं.

बरं, तिसऱ्या दिवशी काय झालं. तिनं चौकोनात ०.५ रंगवायला लावलं, पाच पट्ट्या. मग ०.४५, चार पट्ट्या आणि वर पाच बारके चौकोन. लिहिलंय: ‘एक मुलगी म्हणाली, म्हणजे मॅडम याची पाचवी पट्टी अर्धीच भरली. हे मी सांगितले नव्हते.’ खाली सिद्धांताची जोड, मानसशास्त्रज्ञ ब्रूनरच्या शिकण्याच्या क्रमाची: ‘ब्रूनरच्या कृती, प्रतिमा, चिन्ह या क्रमात मी पहिल्या दिवशी थेट चिन्हावर उडी मारली. शून्य लावणे ही चिन्हाचीच युक्ती होती म्हणून ती ०.७० ला फसली.’ आणि पुढे: ‘पियाजेनुसार या वयात मूर्त वस्तू लागते असे आपण शिकलो, पण एका मुलाने कागद न घेताच ०.४५ म्हणजे अर्ध्याला थोडे कमी असे सांगितले. तो पण अकरा वर्षांचाच आहे. तो पेट्रोल पंपावर वडिलांसोबत बसतो.’

आता याच्याशेजारी दुसऱ्या वहीतलं वाक्य ठेवा: ‘व्हायगॉट्स्कीच्या समीपस्थ विकास क्षेत्रानुसार विद्यार्थ्यांचे गट केले व त्यांनी परस्पर सहकार्याने अध्ययन केले.’ ऐकायला किती भारदस्त! मी अंगठ्याने ‘व्हायगॉट्स्कीच्या समीपस्थ विकास क्षेत्रानुसार’ एवढं झाकलं. उरलं काय? गट केले. वाक्याचं काहीच बिघडलं नाही. म्हणजे तो सिद्धांत तिथे कामाला नव्हताच, लग्नपत्रिकेवर गणपती छापतात तसा वर छापला होता. ते क्षेत्र खरंच वापरलं असतं तर तीन गोष्टी वहीत आल्याच असत्या: पोराला एकट्याला काय जमत होतं, मदतीनं काय जमलं, आणि मदत नेमकी कोणती होती. यातली एकही नव्हती. गट कसे केले तर हजेरी क्रमांकाने, हे टाचणात सापडलं.

आणि दशांशवाल्या मुलीच्या वाक्यातून ब्रूनर झाकला तर? वाक्य मोडतं. ०.७० ला युक्ती का फसली याचं कारणच त्याच्यासोबत जातं.

व्हायगॉट्स्कीचं ते वाक्य मला पुढे अजून सहा वह्यांमध्ये सापडलं, शब्दन् शब्द तेच. मी चिडले, कॉपी करतात म्हणून. मग रविवारी संध्याकाळी माझ्याच नोट्सची फाइल उघडली आणि त्यात, माझ्याच अक्षरात, मीच डिक्टेट केलेलं वाक्य: ‘समीपस्थ विकास क्षेत्रानुसार गट करावेत, त्यामुळे परस्पर सहकार्याने अध्ययन होते.’ कपाळावर हात मारला. कॉपी केली खरी, पण माझीच! त्या सात जणांना मी सिद्धांताच्या जोडीचे ५ पैकी १ दिले आणि नोट्सचं ते पान फाडून टाकलं.

आता कौतुक पुरे, त्या मुलीचे मार्क कापले ते सांगते. पहिल्या दिवशीच्या नोंदीत एका कोपऱ्यात होतं: ‘एक मुलगा म्हणाला ४.५ ओव्हर म्हणजे अजून एक बॉल टाकला की पाच.’ बस, एवढंच. पुढे काही नाही. अहो, ही केवढी मोठी गोष्ट हातात आली होती! क्रिकेटमधला तो टिंब दशांशचिन्ह नाहीच, तिथे सहाला हातचा येतो, ४.५ म्हणजे साडेचार नव्हे. त्या पोराला दशांशचिन्ह म्हणजे काय वाटत असेल याचा रस्ताच उघडला होता आणि ती तिथून तशीच पुढे गेली. निरीक्षण आहे, चिंतन नाही. निरीक्षणाचे मार्क दिले, चिंतनातून एक कमी केला.

दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे आणि ती मला पण दुसऱ्या वाचनात कळली. तिनं दिलेल्या जोड्या बघा: ०.४५ आणि ०.५, मग ०.३ आणि ०.१२५. दोन्हीत मोठी संख्या कोणती? जिला अंक कमी आहेत ती. म्हणजे ज्या पोराच्या डोक्यात ‘अंक कमी ती मोठी’ असा उलटाच घोळ आहे (हा पण घोळ असतो, दशांश हा शतांशापेक्षा मोठा म्हणून एक अंकवाली मोठी असं काहींना वाटतं) ते पोरगं दोन्ही वेळा बरोबर उत्तर देणार! पहिल्या दिवशी जे आठ जण बरोबर होते त्यांना खरंच येत होतं की त्यांच्यात हा दुसरा घोळ होता, हे या जोड्यांवरून कळूच शकत नाही. तिनं चुकलेल्यांना कारण विचारलं, बरोबर आलेल्यांना विचारलंच नाही. आपण सगळे हेच करतो म्हणा. बरोबर उत्तर आलं की ‘शाब्बास, बस खाली’.

तर तिला निरीक्षण ८, चिंतन ८, जोड ४. एकूण वीस. गंमत बघा, चाळून दिले होते तेव्हा पण वीसच होते. तिचे मार्क हलले नाहीत, बाकीच्या जगाचे हलले, यादी आता ८ पासून २० पर्यंत पसरली.

आठ कुणाला ते सांगते, म्हणजे त्याला आधी आठ पण नव्हते. एका मुलाची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच निळ्या पेनने, एकाच दाबाने लिहिलेली. चार महिन्यांत माणसाचा पेन एकदा तरी बदलतो हो. मग तारखा लावून बघितल्या तर एका रविवारी त्यानं दोन तास घेतलेले आणि बैलपोळ्याच्या दिवशी आठवीचा चौथा तास, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिलेला. पोळ्याला आमच्याकडे शाळा बंद असते, पोरं बैल धुवायला नदीवर. नोंदी एका बैठकीत मागाहून लिहिल्यात हे उघड होतं.

त्याला बोलावलं. आधी नाही-नाही म्हणाला, मग मान खाली घालून सांगितलं की शाळेनं त्याला पहिले पाच आठवडे ऑफिसातच बसवलं होतं, कॉम्प्युटर येतो म्हणून. शिष्यवृत्तीचे फॉर्म, युडायस म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची माहिती भरणं, दाखले टाइप करणं. वर्गावर गेलाच नाही, मग लिहिणार काय. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, मॅडम, शेवटी सही त्यांचीच लागते ना. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळा मिळवण्यासाठी आम्हीच दारोदार फिरतो, कुठल्या तोंडानं भांडणार.

बनवलेल्या नोंदींना मार्क देता येत नाहीत, ते दिले नाहीत. पण त्याला म्हटलं, ऑफिसात जे बघितलंस ते लिहून आण, तारखेचं ढोंग नको, वर ‘आठवणीतून’ असं स्वच्छ लिही. त्यानं सहा पानं आणली. त्यात एक नोंद होती की शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी आधार कार्ड मागितलं तेव्हा एका मुलीचं नाव शाळेच्या रजिस्टरात वेगळं आणि आधारवर वेगळं निघालं, ती तीन दिवस आईला घेऊन येत होती आणि त्या तीन दिवसांत तिचे इंग्रजीचे तिन्ही तास बुडाले कारण ऑफिसची वेळ आणि तो तास एकच. सगळ्या ऐंशी पानांत पहिल्यांदा रेघ मारायला जागा मिळाली. आधी एकूण तीन होते, या सहा पानांमुळे आठ झाले. जास्त देता आले नाहीत, कारण आठवणीतून लिहिलेल्याला मी अर्ध्याच वजनाने धरते, रोजच्या रोज लिहिलेलं आणि दोन महिन्यांनी आठवलेलं सारखं नसतं.

मॅडम म्हणाल्या होत्या की एकटीनं दिलेले मार्क फायनल करू नकोस, पाच वह्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घे, आणि तुझ्या रेघा खोडून दे नाहीतर तो तुझ्या रेघाच वाचेल. मी मराठी पद्धतीच्या सरांना पाच वह्या दिल्या. चार वह्यांमध्ये आमच्यात एक-दोन मार्कांचा फरक. पाचवीत मी १७ दिलेले, सरांनी ११.

वही होती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका मुलाची, घरी अहिराणी, प्रमाण मराठी त्याची कॉलेजात आल्यावरच सुरू झाली म्हणा ना. ऱ्हस्व-दीर्घ कुठेच जागेवर नाही, वाक्यं अर्धी तुटलेली. सर म्हणाले, अहो हा उद्याचा शिक्षक आहे. मी म्हटलं, बरोबर, पण ही नोंद एकदा शुद्धलेखन विसरून ऐका, आणि वाचून दाखवली (शुद्ध करून देते इथे): ‘बाईंच्या तासाला मागे बसलो. बाईंनी १४ प्रश्न विचारले. ९ प्रश्नांचं उत्तर पहिल्या बाकावरच्या तिघांनीच दिलं. प्रश्न विचारला की मी मनात एक-दोन म्हणायच्या आत उत्तर येतं. शेवटच्या बाकावरचा मुलगा दोनदा तोंड उघडून गप्प बसला. सूक्ष्म अध्यापनात आम्हाला प्रश्नानंतर थांबायला शिकवलं होतं. पण तिथं समोर आमचेच मित्र मुलं बनून बसायचे, त्यांना उत्तर येत होतं, म्हणून थांबायचं म्हणजे काय ते कधी कळलंच नाही.’

सर गप्प झाले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या टेप ऐकून हेच मांडलं होतं, की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात आणि ते तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी पोरं बोलू लागतात. या मुलानं रो बाईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं, मी शिकवलंच नव्हतं. तरी सिद्धांताच्या जोडीचे मी त्याला पाचपैकी चार दिलेले, कारण त्यानं शिकलेली एक गोष्ट घेतली, वर्गात नेऊन बघितली आणि आमच्या सरावातच खोट कुठे आहे ते दाखवलं. सरांचं म्हणणं पडलं की नाव नाही तर जोड कशी मानायची. बराच वेळ घासाघीस झाली, चहा झाला. शेवटी ठरलं की भाषेचे मार्क लॉगबुकात कापायचे नाहीत, त्याला पाठाच्या मूल्यमापनात वेगळी जागा आहेच, आणि जोडीचे चारचे तीन. १६ वर मिटलं. मला अजून वाटतं चारच बरोबर होते.

यादी गेल्यावर दशांशवाल्या मुलीला मी बोलावलं, मार्क सांगायला नाही, त्या जोड्यांबद्दल विचारायला. तिची वही पुढ्यात ठेवली, चारही संख्यांना गोल केले आणि विचारलं, यात तुला काही दिसतंय का? ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, मॅडम, मोठी संख्या दोन्हीकडे आखूडच आहे. मी म्हटलं, मग कोणती जोडी द्यायला हवी होती? तिनं माझ्याच पेन्सिलीनं समासात लिहिलं: ०.३ आणि ०.४५.

इंटर्नशिप तर संपली होती. पण तिनं काय केलं, त्या शाळेतल्या तिच्या मार्गदर्शक शिक्षकांना फोन केला आणि एवढी एक जोडी फळ्यावर लिहून फक्त हात मोजाल का म्हणून विचारलं. आठवड्याभरानं ती स्टाफरूमच्या दाराशी आली, हातात वहीच्या पानाचा तुकडा. त्या दिवशी वर्गात २९ हजर होते. पाच जणांनी ०.३ मोठी म्हटलं होतं, आणि त्या मार्गदर्शक सरांनी पाचही जणांची नावं पण लिहून पाठवली होती. त्यातले तिघं पहिल्या दिवशीच्या बरोबरवाल्या आठांतले होते, तिला चेहरे आठवत होते. तो तुकडा मी तिच्या लॉगबुकात त्याच पानावर स्टेपल केला.